सबस्क्रिप्शन व्यवसायात सीएसी आणि एलटीव्ही: गुंतवणूकदारांना कोणतं गुणोत्तर चालतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सीएसी आणि एलटीव्ही म्हणजे नेमकं काय?

एक नवा पैसे देणारा ग्राहक मिळवायला जो खर्च येतो तो सीएसी. तो ग्राहक सोडून जाईपर्यंत त्याच्याकडून जो ढोबळ नफा मिळेल तो एलटीव्ही. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ते गुणोत्तर मिळतं, ज्यावर पिच डेकची एक अख्खी स्लाइड खर्च होते.

या दोन आकड्यांची जात मात्र वेगळी आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. सीएसीचा पैसा खात्यातून गेलेला असतो. एलटीव्ही हा अजून न आलेल्या पैशाचा अंदाज असतो. अंशात अंदाज आणि छेदात रोकड, असं हे गुणोत्तर आहे. म्हणून जाणता गुंतवणूकदार ते किती आलं यापेक्षा कसं काढलं हे आधी विचारतो.

सीएसीमध्ये कोणकोणते खर्च धरायचे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि तेच पुढे वापरू. किराणा आणि स्टेशनरीच्या दुकानांना बिलिंग सॉफ्टवेअर देणारी एक छोटी कंपनी आहे. वर्गणी महिना 1,000 रुपये, जीएसटी वेगळा. एका महिन्यात 50 नवी दुकानं जोडली गेली. त्या महिन्यात जाहिरातींवर 2,00,000 रुपये गेले, विक्रीच्या दोन माणसांचे पगार 1,20,000, त्यांचा इन्सेंटिव्ह 30,000, आणि दुकानात जाऊन मालाची यादी भरून देणाऱ्या, मालकाला शिकवणाऱ्या माणसांवर 50,000. एकूण 4,00,000. म्हणजे सीएसी 8,000 रुपये.

संस्थापक बहुतेक वेळा फक्त जाहिरातीचे 2,00,000 धरतात आणि सीएसी 4,000 सांगतात. पगार तर तसेही द्यावेच लागतात, असं त्यावरचं उत्तर असतं. पण ही माणसं ग्राहक आणायलाच ठेवलेली आहेत. उद्या दुप्पट ग्राहक हवे झाले तर माणसंही वाढवावी लागतील. पहिल्या महिन्याची सूट, फुकट चाचणीच्या काळातला सर्व्हरचा खर्च, ओळखीच्या दुकानदाराला आणल्याबद्दल दिलेलं बक्षीस, हेही यातच येतं. साधी कसोटी अशी: नवा एकही ग्राहक नको असं उद्या ठरवलं तर जो खर्च थांबवता येईल, तो सीएसीचा.

एलटीव्ही कसा काढायचा?

आपल्या कंपनीत प्रत्येक 1,000 रुपयांमागे सर्व्हर, एसएमएस, पेमेंट गेटवे आणि ग्राहक-मदत यांवर 200 रुपये जातात. उरले 800, म्हणजे ढोबळ नफा 80 टक्के. दर महिन्याला 4 टक्के दुकानं वर्गणी बंद करतात. यालाच चर्न म्हणतात. 1 ला 0.04 ने भागलं की सरासरी आयुष्य 25 महिने येतं. 800 गुणिले 25, म्हणजे एलटीव्ही 20,000 रुपये. सीएसी 8,000. गुणोत्तर 2.5.

आता हीच कंपनी दुसऱ्या पद्धतीने मांडून पाहा. खर्च सोडून नुसती वर्गणी धरली तर एलटीव्ही 25,000. सीएसीत फक्त जाहिराती धरल्या तर 4,000. गुणोत्तर 6.25. धंदा तोच, दुकानं तीच, पण एका मांडणीत कंपनी बेताची आणि दुसऱ्या मांडणीत घवघवीत. जीएसटीसह 1,180 रुपये उत्पन्न म्हणून धरलेल्या शीटही समोर येतात. तो सरकारचा पैसा आहे, तुमच्या हिशेबात त्याला जागा नाही. ॲप स्टोअरमार्फत वसुली होत असेल तर त्यांचं 15 ते 30 टक्के कमिशनही ढोबळ नफ्याच्या आधीच वजा करायचं.

मग ‘तीनास एक’ हा आकडा आला कुठून?

सॉफ्टवेअर वर्गणीच्या धंद्यात हा दंडक रुजवण्यात मॅट्रिक्स पार्टनर्स या अमेरिकी व्हेंचर फंडाचे डेव्हिड स्कॉक यांच्या लिखाणाचा मोठा वाटा आहे. एलटीव्ही सीएसीच्या तिपटीपेक्षा जास्त हवा आणि सीएसी 12 महिन्यांच्या आत वसूल व्हायला हवा, अशा दोन अटी त्यांनी मांडल्या. पहिली अट सगळ्यांच्या तोंडी बसली. दुसरी अट मात्र तितकी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त कामाची आहे.

तीनच का, याचं उत्तर हिशेबात आहे. एलटीव्हीत फक्त सेवा पुरवण्याचा खर्च वजा झालेला असतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे पगार, ऑफिसचं भाडं, अकाउंट्स, कायदेशीर कामं, संस्थापकांचं मानधन, व्याज, यातलं काहीच त्यात आलेलं नाही. गुणोत्तर 1 असेल तर ग्राहकाकडून आलेला सगळा नफा त्याला आणण्यातच गेला आणि बाकी खर्चाला पैसा उरला नाही. ढोबळमानाने एक हिस्सा ग्राहक आणण्यात, एक हिस्सा कंपनी चालवण्यात आणि एक हिस्सा नफा म्हणून उरावा, एवढाच या तीनाचा अर्थ. हा नियम अनुभवातून आलेला आहे. तो कुठल्या सिद्धांतातून निघत नाही, त्यामुळे 2.8 आलं म्हणून धंदा वाईट आणि 3.1 आलं म्हणून चांगला, असं कोणताही समजदार गुंतवणूकदार म्हणत नाही.

आमचं गुणोत्तर चांगलं आहे, तरी गुंतवणूकदार पेबॅकच का विचारतात?

कारण पगार एलटीव्हीतून देता येत नाहीत, बँकेतल्या पैशातून द्यावे लागतात. आपल्या बिलिंग कंपनीचा सीएसी 8,000 आणि महिन्याचा ढोबळ नफा 800, म्हणजे वरवर पाहता 10 महिन्यांत वसुली. वसुलीला लागणाऱ्या या काळालाच पेबॅक म्हणतात. पण या 10 महिन्यांत एकही दुकान सोडून जाणार नाही असं यात गृहीत धरलंय. दर महिन्याला 4 टक्के गळती असेल तर जोडलेल्या दुकानांपैकी 10 महिन्यांनी जवळपास एक तृतीयांश उरलेलीच नसतात. गळती धरून हिशेब करायचा तर शीटमध्ये हे सूत्र टाका:

```
=800*(1-0.96^12)/0.04
```

उत्तर येतं सुमारे 7,746. म्हणजे बारा महिने झाले तरी 8,000 भरून आलेले नाहीत, तेराव्या महिन्यात येतात. 12 च्या जागी वेगवेगळे महिने टाकून पाहा, वसुली कधी पूर्ण होते ते दिसेल. दहा आणि तेरा यांतला फरक लहान वाटतो. पण दर महिन्याला 50 दुकानं जोडत असाल तर ते तीन जास्तीचे महिने म्हणजे अडकलेलं भांडवल वाढणं, आणि नेमकं तेच भांडवल तुम्ही गुंतवणूकदाराकडे मागत असता.

किती पेबॅक चालतो हे ग्राहक कोण यावर ठरतं. लहान दुकानं किंवा घरगुती ग्राहक कधीही सोडून जाऊ शकतात, तिथे वर्षाच्या आत वसुली हवी. मोठ्या कंपन्यांशी वर्षांचे करार असतील, पैसे आगाऊ येत असतील आणि सोडून जाणारे विरळा असतील, तर दीड-दोन वर्षांचा पेबॅकही मान्य होतो.

चर्नचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं?

खूप बिघडतं, कारण चर्न छेदात बसलाय. आपल्या कंपनीकडे 300 दुकानं आहेत असं समजू. महिन्यात 12 गेली तर चर्न 4 टक्के आणि गुणोत्तर 2.5. त्याऐवजी 9 गेली तर चर्न 3 टक्के, आयुष्य 33 महिने, एलटीव्ही साधारण 26,700 आणि गुणोत्तर 3.3. उलट 15 गेली तर 5 टक्के, एलटीव्ही 16,000, गुणोत्तर 2. म्हणजे कंपनी ‘तीनाच्या वर’ आहे की ‘दोनावर’ हे 300 पैकी सहा दुकानांवर ठरलं. एखाद्या महिन्यात सहा दुकानं इकडची तिकडे होणं हा निव्वळ योगायोग असू शकतो.

म्हणून एका चांगल्या महिन्याचा चर्न उचलून पाच वर्षांचा एलटीव्ही दाखवू नका. निदान सहा महिन्यांची सरासरी घ्या, आणि कंपनीच दोन वर्षांची असेल तर ग्राहकाचं आयुष्य पाच वर्षं धरू नका. अनेक गुंतवणूकदार आयुष्याला तीन किंवा पाच वर्षांची मर्यादा घालूनच हिशेब करतात. ती मर्यादा तुम्हीच आधी घातली तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

आकडे चांगले दिसूनही धंदा बसला, असं खरंच घडलंय का?

हो, आणि त्याचे आकडे सार्वजनिक आहेत. न्यूयॉर्कची ब्लू एप्रन ही कंपनी दर आठवड्याला मोजून-मापून दिलेलं कच्चं साहित्य आणि पाककृती खोक्यातून घरी पाठवायची. ग्राहकाने थांबवेपर्यंत खोकं येत राहायचं. जून 2017 मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात आली. शेअरसाठी आधी 15 ते 17 डॉलरचा पट्टा ठरला होता, तो खाली येऊन अखेर 10 डॉलरला विक्री झाली आणि कंपनीने 30 कोटी डॉलर उभे केले. त्या वेळी कंपनीचं मूल्य सुमारे 190 कोटी डॉलर होतं. 2023 मध्ये वंडर ग्रुपने ती साधारण 10.3 कोटी डॉलरला विकत घेतली.

बाजारात येण्याआधीच्या माहितीपत्रकात तिने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. 2014 पासून मार्च 2017 पर्यंत एक ग्राहक मिळवायला सरासरी 94 डॉलर लागले. आणि एका ग्राहकाकडून पहिल्या सहा महिन्यांत सरासरी 410 डॉलर, तर तीन वर्षांत 939 डॉलर उत्पन्न येतं. 939 ला 94 ने भागलं तर जवळजवळ दहा. घाईत वाचणाऱ्याला याहून छान काय दिसणार?

पण 939 हे उत्पन्न आहे. 2016 मध्ये कंपनीच्या उत्पन्नातले सुमारे 67 टक्के साहित्य, पॅकिंग, पाठवणी यांतच जात होते. उरलेले 33 टक्के धरले तर 939 चे 310 होतात आणि गुणोत्तर दहावरून 3.3 वर येतं. पहिल्या सहा महिन्यांचा ढोबळ नफा निघतो 135 डॉलर. तो 94 पेक्षा जास्त आहे, म्हणजे पेबॅकही सहा महिन्यांच्या आत. तीनाच्या वर गुणोत्तर आणि वर्षाच्या आत वसुली, दोन्ही अटी पूर्ण. एवढ्यावर थांबलं तर कंपनी निरोगी ठरते.

मग गडबड कुठे होती?

पहिली खूण त्या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे. पहिल्या सहा महिन्यांत 410 डॉलर, म्हणजे महिना 68. पुढच्या तीस महिन्यांत मिळून 529, म्हणजे महिना 18 च्याही खाली. हा प्रत्येक आलेल्या ग्राहकामागचा सरासरी आकडा असल्यामुळे एवढी घसरण एकच गोष्ट सांगते: बहुसंख्य ग्राहक पहिल्या काही महिन्यांतच थांबत होते किंवा फार कमी मागवत होते. दुसरी खूण तारखांत आहे. मार्च 2017 ला तीन वर्षं पूर्ण झालेले ग्राहक म्हणजे 2014 च्या वसंताआधी आलेले. कंपनी नवी असताना स्वतःहून शोधत आलेले हौशी लोक. 2017 मध्ये जाहिरात पाहून, सूट घेऊन आलेला ग्राहक तीन वर्षांत तसाच वागेल, याचा पुरावा कोणाकडेच असू शकत नव्हता.

तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती कोणालाही साध्या भागाकाराने काढता आली असती. 2017 च्या पहिल्या तिमाहीत कंपनीने मार्केटिंगवर 6.06 कोटी डॉलर खर्च केले. ग्राहकामागे खरंच 94 डॉलर लागत असते तर एवढ्या पैशात सुमारे 6.45 लाख नवे ग्राहक आले असते. त्याआधीच्या तिमाहीत मागवणारे ग्राहक होते 8.79 लाख. बेरीज 15.24 लाख. प्रत्यक्षात त्या तिमाहीत मागवणारे ग्राहक निघाले 10.36 लाख. मग 4.88 लाख गेले कुठे?

दोनच शक्यता उरतात. एक तर आधीच्या ग्राहकांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी एका तिमाहीत काहीच मागवलं नाही. किंवा नवा ग्राहक आता 94 डॉलरला मिळत नव्हता, त्याहून बराच महाग झाला होता. बहुधा दोन्ही थोडं थोडं खरं होतं. कोणतीही शक्यता घेतली तरी आधीचं गुणोत्तर टिकत नाही. तेव्हा एमरी विद्यापीठात मार्केटिंगचे प्राध्यापक असलेले डॅनियल मॅकार्थी यांनी त्याच सुमारास, जाहीर झालेल्या आकड्यांवरून ग्राहकांच्या येण्या-जाण्याचं गणिती मॉडेल बांधलं आणि टिकाव व सीएसी या दोन्हींविषयी चिंता मांडली होती.

नंतर काय झालं, त्यातून हे सिद्ध होतं का?

बऱ्याच अंशी होतं. पुढच्या तिमाहीत मार्केटिंग 3.46 कोटी डॉलरवर आणलं, आणि ग्राहक 10.36 लाखांवरून 9.43 लाखांवर आले. वर्षअखेरीस ते 7.46 लाख होते. टिकणारे ग्राहक असलेल्या धंद्यात जाहिरात कमी केली तर वाढ मंदावते. इथे आकडाच उतरणीला लागला. खर्च चालू असेपर्यंत नवे लोक गेलेल्यांची जागा भरत होते, म्हणून गळती डोळ्यांवर येत नव्हती.

सगळा दोष गुणोत्तरावर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. न्यू जर्सीतल्या लिंडन इथल्या नव्या केंद्रात काम बसवताना अडचणी आल्या, आणि बाजारात येण्याच्या दोन आठवडे आधी, 16 जून 2017 ला, ॲमेझॉनने होल फूड्स विकत घेत असल्याचं जाहीर केलं. शेअर उतरण्यात यांचाही हात होता. पण गळती त्याच्या आधीच्या आकड्यांत होती.

आमच्या धंद्यात ही चूक कशी ओळखायची?

सरासरी सीएसी बाजूला ठेवून शेवटच्या ग्राहकाची किंमत काढा. आपल्या बिलिंग कंपनीकडे परत जाऊ. महिन्याला 50 दुकानं जोडली जातात, त्यातली 20 ओळखीतून, आधीच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून आलेली आहेत. ती खर्च न करताही आली असती. मग 4,00,000 रुपये खरं तर 30 दुकानांसाठी गेले, आणि पैसे मोजून आणलेल्या दुकानाचा सीएसी 13,333 झाला. गुणोत्तर 1.5.

आणखी एक पाऊल पुढे जा. समजा गेल्या महिन्यात खर्च 4,00,000 वरून 5,50,000 केला आणि दुकानं 50 ऐवजी 60 आली. वरच्या दहा दुकानांना प्रत्येकी 15,000 लागले. एकत्रित सीएसी विचाराल तर तो 8,000 वरून 9,167 झाला, म्हणजे फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. पण गुंतवणूकदाराचा पैसा आधीच्या 50 दुकानांवर जाणारच नाही. तो जाणार एकसष्टाव्या, सत्तराव्या, शंभराव्या दुकानावर. त्या दुकानाची किंमत 15,000 आणि त्याच्यापासून मिळणार 20,000, तेही ते आधीच्यांसारखंच टिकलं तर. निधी मागताना हा आकडा तुमच्या तोंडावर असायला हवा, कारण समोरचा तोच शोधत असतो.

कोहॉर्ट तक्ता म्हणजे काय? तो लागतोच का?

लागतोच. एकाच महिन्यात आलेल्या ग्राहकांचा गट म्हणजे कोहॉर्ट. डावीकडे येण्याचा महिना, वर ‘पहिला महिना, दुसरा महिना…’ आणि प्रत्येक चौकटीत त्या गटातले किती टक्के अजून पैसे देतायत. हा तक्ता आडवा वाचला की एक गट कसा झिजतो ते दिसतं. सुरुवातीला गळती जोरात असते, मग ओघ मंदावतो. तो एका पातळीवर स्थिरावतो का, हे पाहायचं. 70 टक्क्यांवर थांबणारा गट आणि 15 टक्क्यांपर्यंत घसरत जाणारा गट यांची एकाच सरासरी चर्नमध्ये भेसळ झाली की काहीच कळत नाही.

उभा वाचला तर त्याहून मोलाची गोष्ट कळते. जानेवारीच्या गटातले तिसऱ्या महिन्यात 85 टक्के टिकले होते, एप्रिलच्या गटातले 80, जुलैच्या गटातले 72, असं दिसलं तर नवे ग्राहक जुन्यांपेक्षा कच्चे येतायत. जुन्या निष्ठावंत दुकानांमुळे एकूण चर्न अजून 4 टक्केच दाखवत असेल, पण ज्यांच्यावर तुम्ही आज खर्च करताय त्यांचा नाही.

गुणोत्तर सहा-सात आहे. मग तर उत्तमच ना?

हिशेब पक्का असेल तर धंदा चांगला आहे, पण मग तुम्ही वाढीवर पुरेसा खर्च करत नाही आहात अशी शंका येते. महिना दोन लाख खर्चून सहापट मिळत असेल तर चार लाख खर्चून चारपट का नको? उत्तर ‘तेवढे ग्राहक बाजारात नाहीत’ असं असेल तर बाजार लहान आहे, हे त्यांना कळलेलं बरं.

ग्राहकाने सोडलं नाही, पण ऑटोपे अडकलं. तोही चर्नच का?

पैसा आला नाही म्हणजे हिशेबाला चर्नच. पण त्याची नोंद वेगळी ठेवा, कारण त्यावरचा उपाय वेगळा असतो. भारतात याचं महत्त्व फार आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीला रिझर्व्ह बँकेची ई-मँडेटची चौकट लागू झाली. मँडेट म्हणजे आपोआप वसुलीला ग्राहकाने दिलेली परवानगी. तिची नोंदणी ग्राहकाने ओटीपीने करायची, प्रत्येक वसुलीच्या निदान 24 तास आधी त्याला सूचना जायची, आणि ठरावीक रकमेच्या वर गेलं की दर वेळी पुन्हा ओटीपी. ती मर्यादा आधी 5,000 होती, जून 2022 मध्ये 15,000 झाली. ज्यांचे जुने मँडेट नव्या चौकटीत बसले नाहीत, त्यांची वसुली ग्राहक खूश असतानाही थांबली.

यातून किमतीचा एक व्यवहारी मुद्दा निघतो. वार्षिक वर्गणी 12,000 ठेवली तर 18 टक्के जीएसटीसह 14,160 होतात आणि ओटीपीशिवाय नूतनीकरण होतं. 13,000 ठेवली तर 15,340 होतात, मर्यादा ओलांडली जाते, आणि दुकानदाराला दर वर्षी मोबाइल हातात घेऊन ओटीपी भरावा लागतो. दुकानात गर्दी असते, तो ‘नंतर करतो’ म्हणतो. त्या हजार रुपयांच्या वाढीने किती नूतनीकरणं गळतील याचा अंदाज घेतल्याशिवाय ती करू नका.

वार्षिक आगाऊ वर्गणी घेतली तर गुणोत्तर सुधारतं का?

गुणोत्तर फारसं नाही, पेबॅक मात्र एकदम. दुकानाने वर्षाचे 12,000 आगाऊ भरले तर 8,000 चा सीएसी पहिल्याच दिवशी हातात आला, आणि पुढच्या दुकानासाठी गुंतवणूकदाराचा पैसा लागला नाही. त्यासाठी दोन महिने सूट द्यावी लागली, म्हणजे 10,000 च आले, तरी बहुतेक छोट्या कंपन्यांना ते परवडतं.

इथे एक सापळा आहे. वार्षिक ग्राहक अकरा महिने सोडून जाऊच शकत नाही, त्यामुळे तोपर्यंत चर्न शून्य दिसतो. तो शून्य मासिक ग्राहकांच्या चर्नमध्ये मिसळला तर सरासरी छान दिसते आणि पहिलं वर्ष संपताच कोसळते. वार्षिक ग्राहकांचा वेगळा कोहॉर्ट ठेवा आणि त्यात फक्त नूतनीकरणाचा दर पाहा.

गुंतवणूकदारासमोर जाताना नेमकं काय सोबत न्यायचं?

एक साधी शीट, ज्यात प्रत्येक ओळीवर एक ग्राहक आहे: कधी आला, कुठून आला, दर महिन्याला जीएसटी सोडून किती भरले, कधी थांबला. नावं झाकली तरी चालतील. सोबत महिनावार विक्री आणि मार्केटिंगचा पूर्ण खर्च, पगारांसह. या दोन कागदांवरून समोरचा माणूस सीएसी, कोहॉर्ट, पेबॅक सगळं स्वतः काढू शकतो, आणि गंभीर गुंतवणूकदार ते काढतोच. तुमच्या डेकमधला आकडा त्याच्या आकड्याशी जुळला तर पुढची चर्चा किमतीवर होते. जुळला नाही तर ती तुमच्या हिशेबावरच अडकून राहते.